राहिले तीन हजार, लागले साडेतीन हजारांहून जास्त: क्रेडिट कार्डाचं व्याज मोजतात कसं

प्रश्न: माझं क्रेडिट कार्डाचं १० सप्टेंबरचं बिल ६०,००० रुपये होतं. मुदत ३० सप्टेंबरची. मी दोन दिवस आधीच, २८ तारखेला, ५७,००० भरले. ‘मिनिमम ड्यू’ फक्त ३,००० होती, म्हणजे तिच्या कितीतरी पट भरले. तरी १० ऑक्टोबरच्या बिलात ३,०९७.६४ रुपये व्याज आणि ५५७.५८ रुपये जीएसटी लावलाय. बाकी तीनच हजार होती, मग व्याज त्याहून जास्त कसं? खरेदी अशी होती: १४ ऑगस्टला ४०,०००, २८ ऑगस्टला १२,०००, ५ सप्टेंबरला ८,०००. त्यानंतर २० सप्टेंबरला १५,०००. दर महिना ३.५ टक्के. हे कायदेशीर आहे का, आणि आता मी काय करू?

उत्तर:

खरेदीच्या तारखा दिल्यात ते फार बरं झालं. त्या नसत्या तर ‘असंच असतं’ एवढंच सांगता आलं असतं. आता पैशापर्यंत हिशेब लावून दाखवता येईल. मी बरीच वर्षं कार्ड विभागात बिलाच्या तक्रारी पाहिल्या आहेत आणि तुमची तक्रार त्यातली सगळ्यात नेहमीची. तक्रार करणारा जवळजवळ प्रत्येक जण प्रामाणिकपणे पैसे भरणारा असतो, म्हणून तो जास्त दुखावतो.

तुमचा समज असा आहे की व्याज लागतं ते मुदतीनंतर राहिलेल्या बाकीवर. तीन हजार राहिले, तर व्याज तीन हजारांवर. कार्डावर मात्र व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजायचं असतं. १४ ऑगस्टला तुम्ही कार्ड वापरलंत तेव्हा दुकानदाराला पैसे बँकेने दिले आणि त्या दिवसापासून तुमच्या नावावर ४०,००० रुपयांचं कर्ज उभं राहिलं. ‘पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी’ असं जे सांगतात, ती एक सवलत आहे आणि तिला एकच अट आहे: बिलावरची पूर्ण रक्कम, ‘टोटल अमाउंट ड्यू’, मुदतीच्या आत भरायची. अट पाळली तर मधल्या दिवसांचं व्याज बँक सोडून देते. अट मोडली तर सवलत सगळ्या बिलावरची जाते, नुसत्या राहिलेल्या रकमेवरची नाही. नव्वद टक्के पाळलेली अट असा काही प्रकार तिथे नाही.

सवलत गेली की व्याज कसं येतं ते आता तुमच्याच आकड्यांवर पाहू. महिना ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. सूत्र साधं आहे: रक्कम गुणिले दिवस गुणिले वार्षिक दर, भागिले ३६५. प्रत्येक खरेदीला तिच्या स्वतःच्या तारखेपासून हे सूत्र लागतं.

चाळीस हजारांची खरेदी १४ ऑगस्टची. तुम्ही पैसे भरले २८ सप्टेंबरला, म्हणजे मधे ४५ दिवस. चाळीस हजारांवर ४२ टक्क्यांनी ४५ दिवसांचं व्याज होतं २,०७१ रुपये. बारा हजारांना ३१ दिवस झाले, त्याचे ४२८ रुपये. आठ हजारांना २३ दिवस, त्याचे २१२ रुपये. इथपर्यंतची बेरीज २,७११. हे व्याज ज्या पैशांवर आहे ते सगळे साठ हजार आहेत, तीन हजार नाहीत, आणि ते तुम्ही ५७,००० भरेपर्यंतच्या दिवसांचं आहे.

२८ सप्टेंबरनंतर मात्र बँकेने फक्त राहिलेल्या तीन हजारांवर मोजलंय, १० ऑक्टोबरपर्यंतचे १२ दिवस. ते होतात ४१ रुपये. तुमच्या मनातला हिशेब तो हा, आणि बिलात तो आहेसुद्धा. फक्त त्याच्या आधी २,७११ रुपये येऊन बसलेत.

आता २० सप्टेंबरची १५,००० ची खरेदी. ही तर नव्या बिलातली, तिची मुदत अजून आलेलीसुद्धा नाही. तरी तिच्यावर २० दिवसांचं ३४५ रुपये व्याज लागलंय. मागच्या बिलातलं काही थकलं की नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत बंद पडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत बँकांना हे स्पष्टपणे सांगायला लावलंय: मागच्या महिन्याच्या बिलातली काहीही बाकी असेल तर बिनव्याजी मुदत स्थगित होते, हे कार्डाच्या मुख्य अटी-शर्तींच्या पत्रकात नीट समजावून लिहायचं. ते पत्रक बारीक अक्षरात, अनेक पानांचं असतं आणि कार्ड हातात आल्याच्या आनंदात ते कोणी उघडत नाही. लोकांना याबद्दल मी दोष देत नाही. जी गोष्ट कार्ड देतानाच दोन वाक्यांत तोंडी सांगायला हवी, ती तिथे दडलेली असते.

२,७११, ४१ आणि ३४५, पैशांसकट बेरीज ३,०९७.६४. तुमच्या बिलावरचा आकडा तोच. त्यावर १८ टक्के जीएसटी ५५७.५८. घराच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, पण क्रेडिट कार्डाचं व्याज त्या सवलतीतून मुद्दाम वगळलेलं आहे. त्यामुळे ३.५ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात महिन्याला ४.१३ टक्के पडतो. दोन्ही मिळून तुम्हाला लागले ३,६५५ रुपये.

हाच हिशेब उलट बाजूने करून पाहा, म्हणजे तुमच्यावर किती कडक नियम लागला ते कळेल. समजा, तुम्ही ५७,००० ऐवजी फक्त मिनिमम ड्यू भरली असती, ३,००० रुपये, त्याच दिवशी. खरेदीपासून २८ सप्टेंबरपर्यंतचे २,७११ रुपये तसेच राहिले असते. २० तारखेच्या खरेदीचे ३४५ तसेच. फरक पडला असता तो फक्त शेवटच्या बारा दिवसांत: तीन हजारांच्या जागी सत्तावन्न हजारांवर व्याज, म्हणजे ४१ च्या जागी ७८७ रुपये. एकूण व्याज ३,८४३. तुम्ही चोपन्न हजार रुपये जास्त भरलेत आणि या बिलात त्याने वाचले ७४६ रुपये, अधिक त्यावरचा जीएसटी. शेवटचे तीन हजारही भरले असते तर पूर्ण ३,०९७ वाचले असते. त्या तीन हजारांची किंमत आधीच्या चोपन्न हजारांपेक्षा चौपट मोठी होती.

याचा अर्थ असा नाही की तुमचे ५७,००० वाया गेले. पुढच्या महिन्यात त्यांचा फायदा दिसतो, कारण सत्तावन्न हजार डोक्यावर असते तर महिन्याला दोन हजारांच्या आसपास नुसतं व्याज चालू राहिलं असतं. पण पहिल्या बिलाचा फटका जवळजवळ पूर्ण बसतो, मग थोडं राहिलेलं असो की बरंच.

एका बाईंचं बिल मला अजून आठवतं. रक्कम ८४,३१७ होती आणि त्यांनी ८४,००० भरले होते. पैसे नव्हते असं नाही, आकडा गोल केला इतकंच. वरचे तीनशे सतरा ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणून ठेवले. पुढच्या बिलात व्याज तीन हजारांच्या वर. त्या बिल हातात घेऊन बसल्या होत्या, ३१७ च्या भोवती पेनाने तीन वेळा गोल केला होता. तेव्हापासून मी कोणालाही पहिली गोष्ट हीच सांगतो: कार्डाचं बिल कधी गोल आकड्यात भरू नका. पैशासकट भरा, आणि गोल करायचंच असेल तर वरच्या बाजूला करा. जादा गेलेले रुपये खात्यात जमा राहतात.

आता मिनिमम ड्यू म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ‘तिच्या कितीतरी पट भरले’ असं वाक्य आहे आणि गैरसमजाचं मूळ तिथे आहे. मिनिमम ड्यू भरल्याने दोनच गोष्टी होतात. लेट फी लागत नाही आणि तुमचं खातं थकीत म्हणून क्रेडिट ब्युरोकडे जात नाही. बस. व्याजाशी तिचा काही संबंध नाही. ती भरली म्हणून व्याज थांबत नाही आणि तिच्या एकोणीस पट भरली तरी थांबत नाही. बिलावर दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात, म्हणून वाटतं की एक ‘कमीत कमी’ आणि एक ‘जास्तीत जास्त’, आणि मधे कुठेही भरलं की आपण चांगल्या बाजूला. व्याजाच्या दृष्टीने मधली जागा सगळी एकाच बाजूची आहे.

पूर्ण न भरता बाकी पुढे नेली की तुमचं कार्ड फिरत्या कर्जात गेलं, यालाच ‘रिव्हॉल्व्हिंग क्रेडिट’ म्हणतात. नेहमीच्या कर्जात रक्कम ठरलेली, हप्ता ठरलेला, शेवटची तारीख ठरलेली असते. फिरत्या कर्जात यातलं काहीच ठरलेलं नसतं. तुम्ही थोडं भरता, तेवढी मर्यादा मोकळी होते, ती पुन्हा वापरता, बाकी पुन्हा पुढे जाते. कर्ज संपायचं कधी हे तुमच्यावर सोडलेलं असतं, आणि दर त्या सोयीचा लावलेला असतो. बँकेच्या आतल्या भाषेत ग्राहकांचे दोन ढीग असतात: पूर्ण भरणारे ते ‘ट्रान्झॅक्टर’ आणि बाकी पुढे नेणारे ते ‘रिव्हॉल्व्हर’. तुम्ही २८ सप्टेंबरला पैसे भरूनही दुसऱ्या ढिगात गेलात.

दर महिन्याला फक्त मिनिमम ड्यू भरत राहिलं तर काय होतं, हेही एकदा आकड्यांत पाहण्यासारखं आहे. समजा बिल ६०,००० आहे, नवी खरेदी पूर्ण बंद केली आहे आणि मिनिमम ड्यू म्हणजे दर बिलाच्या सरळ ५ टक्के आहे. तुम्ही ५ टक्के भरता, उरलेल्या ९५ टक्क्यांवर जीएसटीसह ४.१३ टक्के चढतात. म्हणजे महिनाभर थांबून बाकी कमी होते ती जेमतेम १ टक्का. या गतीने साठ हजारांचे तीस हजार व्हायला ६४ महिने लागतात, सव्वापाच वर्षांहून थोडे जास्त. तोवर तुम्ही १,३९,००० रुपयांच्या आसपास भरलेले असतात आणि तीस हजार अजून डोक्यावर असतात.

प्रत्येक बँक ५ टक्के असेच धरते असं नाही. बऱ्याच बँका मुद्दलाचे काही टक्के घेऊन त्यात पूर्ण व्याज, जीएसटी, चालू ईएमआय आणि मागची थकबाकी मिळवतात. म्हणून काही जणांना धक्का बसतो: पहिल्या महिन्यात मिनिमम ड्यू ३,००० होती, दुसऱ्या महिन्यात काहीच खरेदी न करता ती ५,२०० कशी झाली? सत्तावन्न हजार बाकीचे ५ टक्के २,८५० आणि त्यावर महिन्याचं व्याज नि कर २,३५४, म्हणून. दिसायला ही पद्धत जड वाटते, पण ग्राहकाच्या भल्याची तीच, कारण तिच्यात मुद्दल खरोखर खाली येतं. रिझर्व्ह बँकेचं बंधनही आहे की मिनिमम ड्यू अशी ठरवू नये की ती भरूनही बाकी वाढतच जाईल. नुसते मिनिमम भरत राहिलात तर फेड महिने-वर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज पडेल, असा इशारा प्रत्येक बिलावर ठळक छापण्याची सक्तीही आहे. तुमच्या बिलावरही तो असेल, शोधून पाहा.

इथे एक तपासणी आजच करा. बँक खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय लावली असेल तर ती ‘टोटल अमाउंट ड्यू’ वर आहे की ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ वर, ते उघडून बघा. फॉर्म भरताना चुकून मिनिमम वर टिक झालेली माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. त्यांना वाटतं बिल दर महिन्याला आपोआप जातंय, आणि ते जातंही, फक्त विसावा भाग. हे लक्षात यायला कोणाला तीन महिने लागतात, कोणाला वर्ष.

कायद्याचं विचारलंत. खरेदीच्या तारखेपासून व्याज लावणं ही तुम्ही सही केलेल्या करारातली अट आहे आणि ती चालते. दराबद्दल म्हणाल तर राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये असा निकाल दिला होता की वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. त्यामुळे ‘तीस टक्क्यांच्या वर घेताच येत नाही’ असा जो संदेश अजून फिरतो, त्याच्या भरवशावर बँकेशी भांडायला जाऊ नका. वेळ जाईल आणि त्या काळात व्याज चालू राहील.

भांडायला जागा कुठे आहे, तर हिशेब चुकला असेल तिथे. मी वर केला तसा हिशेब कागदावर करा. काही बँका पहिला किंवा शेवटचा दिवस धरतात, काही धरत नाहीत, त्यामुळे थोडा फरक पडेल. पण फरक शेकड्यात असेल तर विचारा. मी मुख्यतः तीन गोष्टी बघतो. भरणा केलेल्या दिवसानंतरही पूर्ण रकमेवर व्याज लावलंय का? तुमच्या बाबतीत २८ सप्टेंबरनंतर साठ हजारांवर व्याज दिसलं असतं तर ती चूक होती. परत केलेल्या वस्तूचे पैसे मुदतीच्या आत जमा झाले असताना ते बाकीतून वजा केलेत का? आणि मिनिमम ड्यू वेळेत भरलेली असताना लेट फी लावलीय का? यातलं काही सापडलं तर बँकेला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. तुमच्या बिलात मात्र मला चूक दिसत नाही.

लेट फीवरून एक सांगतो, कारण तिथेही लोक फसतात. मुदत उलटून तीन दिवस होईपर्यंत बँकेला लेट फी लावता येत नाही आणि खातं थकीत म्हणून कळवताही येत नाही. ही सोय चांगली आहे, पण ती व्याजाला लागू नाही. पूर्ण रक्कम दोन दिवस उशिरा पोचली तर दंड वाचेल, व्याज मात्र खरेदीच्या दिवसापासून लागू शकतं. शेवटच्या दिवशी रात्री एखाद्या अॅपवरून भरलेली रक्कम कार्डाच्या खात्यात कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जमा होते, आणि मग जमा झाल्याची तारीख ग्राह्य धरली जाऊ शकते. म्हणून दोन-तीन दिवस हातात ठेवून भरावं.

आता काय करायचं ते. तुमचं १० ऑक्टोबरचं बिल असं असेल: राहिलेले ३,०००, नवी खरेदी १५,०००, व्याज आणि जीएसटी ३,६५५.२२, मिळून २१,६५५.२२. मुदत ३० ऑक्टोबर. सवयीने तुम्ही २८-२९ तारखेला भराल. तसं करू नका. पैसे हातात असतील तर आज-उद्याच भरा.

कारण बिनव्याजी मुदत बंद असताना मुदतीच्या तारखेला व्याजाच्या दृष्टीने काही अर्थ उरत नाही. व्याज रोज चालू आहे. १० ऑक्टोबरला बिल निघालं, तिथपर्यंतचं व्याज त्या बिलात आलं. पण अठरा हजारांच्या मुद्दलावर ११ तारखेपासूनचं व्याज अजून कुठल्याच बिलात आलेलं नाही, ते नोव्हेंबरच्या बिलात येईल. ३० ऑक्टोबरला भरलंत तर ते २० दिवसांचं असेल, ४१४ रुपये व्याज आणि ७५ रुपये जीएसटी, एकूण ४८९. १२ ऑक्टोबरला भरलंत तर दोन दिवसांचं, कर धरून ४९ रुपये. काही बँका आधीचं व्याजही बाकीत धरून मोजतात, तिथे आकडा थोडा वाढेल. पण फरक जो दिसतोय तो नुसत्या तारखेचा.

हेच तत्त्व मागे लावून पाहिलंत तर सप्टेंबरमध्येही पैसे वाचले असते. पूर्ण भरता येणार नाही हे बिल आल्याआल्या कळलं होतं का? तर ते ५७,००० रुपये २८ ऐवजी ११ सप्टेंबरला भरायचे. सतरा दिवसांचं व्याज, १,११५ रुपये, तिथेच कमी झालं असतं. ज्याला पूर्ण भरायचंय त्याने मुदतीपर्यंत थांबलं तरी चालतं. ज्याला पूर्ण जमणार नाही त्याने हातात येईल ते येईल त्या दिवशी भरावं, दोनदा-तीनदा भरलं तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट, हे कार्ड निदान एक महिना वापरू नका. किराणा, पेट्रोल, तिकीट, काहीही नाही. बाकी पूर्ण मिटल्यावर बिनव्याजी मुदत पुन्हा नेमकी कधी सुरू होते, याचे नियम बँकेप्रमाणे बदलतात. काहींकडे पूर्ण भरणा झाला की पुढच्या खरेदीपासून, काहींकडे लागोपाठ दोन बिलं पूर्ण भरल्यावर. कस्टमर केअरला फोन करून हाच प्रश्न विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. दुसरं कार्ड असेल आणि त्यावर बाकी नसेल तर तोवर ते वापरा, नाहीतर यूपीआय आहेच.

फोन करालच तेव्हा एक विनंतीही करा. आधीची बिलं तुम्ही नियमित पूर्ण भरली असतील तर ‘पहिल्यांदाच झालंय, रक्कम थोडी राहिली होती, हे व्याज सद्भावनेने परत करता येईल का’ असं शांतपणे विचारा. बँकेवर तसं बंधन नाही, पण जुन्या, नियमित ग्राहकाला काही वेळा पूर्ण किंवा काही भाग परत मिळतो. मी स्वतः अशा विनंत्या मंजूर होताना पाहिल्या आहेत. ‘तुम्ही लुटताय’ असं म्हणून सुरुवात केली की समोरचा माणूस नियम वाचून दाखवतो आणि विषय तिथेच संपतो.

पुढे कधी असं दिसलं की मोठी खरेदी झालीय आणि बिल पूर्ण जमणार नाही, तर मुदत उलटायच्या आत त्या एका खरेदीचा ईएमआय करून घ्या. तुमच्या बाबतीत त्या चाळीस हजारांचा केला असता तर उरलेले वीस हजार आणि हप्ता भरून बिल पूर्ण झालं असतं. ईएमआयवर प्रक्रिया शुल्क असतं, व्याजावर जीएसटी असतो, पण दर साधारणपणे फिरत्या बाकीच्या निम्म्याहून कमी असतो. एक काळजी मात्र घ्या: ईएमआय मंजूर झाल्यावर ‘या महिन्यात नेमके किती भरले की बिल पूर्ण झालं’ हा आकडा बँकेकडून लेखी घ्या. बिलावर जुनाच आकडा छापलेला असतो आणि स्वतःच्या मनाने वजाबाकी करून भरलं की पुन्हा शे-दोनशे रुपये मागे राहतात. आणि कमी पडणारे खरोखर तीनच हजार असतील तर घरातल्या कोणाकडून आठ दिवसांसाठी घ्या, मुदत ठेव मोडा, काहीही करा, पण त्या बिलात बाकी ठेवू नका. कार्डावरून रोख काढून ती भर घालू नका. रोख रकमेला बिनव्याजी दिवस मुळातच नसतात आणि काढण्याचं शुल्क वेगळं.

नोव्हेंबरचं १० तारखेचं बिल आलं की त्यात ते दोन-चार दिवसांचं, पन्नास रुपयांच्या आसपासचं व्याज दिसेल. पूर्ण भरूनही व्याज आलं म्हणून घाबरू नका आणि वाद घालत बसू नका. ते आधीच्या दिवसांचं शेपूट आहे. तेवढे रुपये पैशासकट लगेच भरा. अनेक जण इथेच ‘एवढ्याशा रकमेचं काय’ म्हणून सोडून देतात आणि ती बाकी पुन्हा पुढच्या बिलाची बिनव्याजी मुदत बंद पाडते. डिसेंबरच्या बिलात ‘फायनान्स चार्जेस’ समोर शून्य आलं की तुम्ही या फेऱ्यातून बाहेर आलात. शून्य नसेल तर ते बिल आणि त्यातल्या खरेदीच्या तारखा इथेच टाका, पुन्हा बसून हिशेब लावू.